चाळीस लाख आणि एक्सेलची दोन उत्तरं

«उमरेडजवळची वडिलोपार्जित शेती विकली, माझ्या वाट्याला ४० लाख आले. मी ४७ वर्षांची, बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पीएफमध्ये २५ लाख जमलेत. भाच्यानं त्याच्या एमबीएच्या अभ्यासातलं एफिशियंट फ्रंटियरचं एक्सेल करून दिलं. त्यात निफ्टी इंडेक्स फंड आणि गोल्ड ईटीएफ एवढ्या दोनच गोष्टी घेतल्या. सगळ्यांत कमी जोखमीचा बिंदू पाहिला तर ४१ टक्के शेअर आणि ५९ टक्के सोनं येतं. रिस्क-फ्री रेट म्हणून आमच्या पतसंस्थेचा साडेआठ टक्के टाकला की तेच शीट सोनं शून्य करतं, सगळे शेअर घ्या म्हणतं. मला जोखीम नको आहे, म्हणून पहिलं उत्तर घ्यावं असं वाटतं. मोठा भाऊ म्हणतो, फ्लॅट तारण ठेवून अजून २० लाख काढ, रेषा वर जातेच आहे. शीट सोबत पाठवते आहे. नक्की कोणाचं ऐकू?»
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई,

तुमचं शीट उघडून पाहिलं. भाच्यानं सूत्रं बरोबर मांडली आहेत, हवं ते प्रमाण शोधून देणारा एक्सेलमधला सॉल्व्हरही नीट चालतो. गडबड आकडेमोडीत नाही. पहिल्या वेळी तुम्ही शीटला नकळत सांगितलं की जगात सुरक्षित ठेव नावाची गोष्टच नाही, सगळे पैसे या दोन वस्तूंमध्येच घालायचे आहेत. दुसऱ्या वेळी सांगितलं की काहीही धोका न घेता साडेआठ टक्के मिळतात. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, म्हणून दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची नाहीत.

आधी शीटमधले आकडे वाचकांसाठी मांडतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. शेअरांचा अपेक्षित परतावा १२ टक्के, स्टँडर्ड डिव्हिएशन १८. सोन्याचा परतावा साडेआठ, स्टँडर्ड डिव्हिएशन १५. दोघांचा एकमेकांशी संबंध, म्हणजे कोरिलेशन, शून्य धरलं आहे. १८ चा अर्थ असा, की तीनपैकी साधारण दोन वर्षं शेअरांचा परतावा उणे ६ ते अधिक ३० या पट्ट्यात पडेल आणि उरलेलं एखादं वर्ष त्याच्याही बाहेर जाईल. हे आकडे म्हणजे भाकीत नव्हे, नुसती गृहीतकं आहेत. ती किती ठिसूळ आहेत त्याकडे पुढे येतो.

आता तुमचा ४१-५९ चा बिंदू. त्याचा परतावा येतो ९.९ टक्के आणि जोखीम, म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन, ११.५. निव्वळ सोन्याची जोखीम १५ आणि शेअरांची १८ असताना दोघांना एकत्र केल्यावर ती ११.५ वर उतरली, कारण दोघं एकाच वेळी पडतातच असं नाही. आडव्या अक्षावर जोखीम आणि उभ्या अक्षावर परतावा घेऊन दोघांची सगळी मिश्रणं मांडली की जी कमान तयार होते ती फ्रंटियर, आणि ती डावीकडे फुगलेली दिसते ती यामुळेच. त्या कमानीचं सगळ्यांत डावीकडचं टोक तुम्ही निवडलंत. «मला जोखीम नको, म्हणून कमीत कमी जोखमीचा बिंदू माझा» हा विचार सरळ वाटतो, आणि खरं अडकायला होतं ते इथेच. जोखीम कमी करायची म्हणून तुम्ही शेअर आणि सोनं यांचं आपसातलं प्रमाण बदलत आहात. त्यापेक्षा स्वस्त उपाय हाताशी आहे: प्रमाण चांगलं ठेवायचं आणि काही पैसे या दोघांच्या बाहेर ठेवायचे.

बाहेर म्हणजे कुठे? समजा सरकार थोड्या मुदतीसाठी उसने घेतं त्या ट्रेझरी बिलात ६ टक्के मिळतात. (तुम्ही हे वाचाल तेव्हाचा दर पाहून आकडा बदला, पद्धत तीच राहील.) आलेखावर हा बिंदू उभ्या अक्षावर बसतो: परतावा ६, जोखीम शून्य. या बिंदूपासून फ्रंटियरच्या कमानीकडे पट्टी धरा आणि हळूहळू वर उचलत न्या. पट्टी कमानीला जेमतेम टेकते ती जागा म्हणजे सगळ्यांत चढी रेषा, आणि जिथे ती टेकते ते शेअर-सोन्याचं मिश्रण म्हणजे तुमच्या कामाचं मिश्रण. कोरिलेशन शून्य असेल तर ते हातानंही काढता येतं. प्रत्येक वस्तूचा ६ टक्क्यांच्या वरचा परतावा घ्यायचा आणि त्या वस्तूच्या स्टँडर्ड डिव्हिएशनच्या वर्गानं भागायचा. शेअरांसाठी ६ भागिले ३२४, म्हणजे ०.०१८५. सोन्यासाठी अडीच भागिले २२५, म्हणजे ०.०१११. या दोघांचं प्रमाण बरोबर ५ : ३ येतं. म्हणजे साडेबासष्ट टक्के शेअर, साडेसदतीस टक्के सोनं. कोरिलेशन शून्य नसेल तर हा शॉर्टकट चालत नाही. मग सॉल्व्हरला «जोखीम कमीत कमी कर» असं न सांगता «शार्प रेशो जास्तीत जास्त कर» असं सांगायचं. शार्प रेशो म्हणजे बिनजोखमीच्या दराच्या वर मिळालेला परतावा भागिले जोखीम, म्हणजेच त्या पट्टीचा चढ.

या ५ : ३ मिश्रणाचा परतावा १०.७ आणि जोखीम १२.६ येते. पाहिल्याबरोबर तुम्ही म्हणाल, ही तर माझ्या बिंदूपेक्षा जास्त झाली. बरोबर, पण सगळे पैसे त्यात घाला असं मी म्हणतच नाही. ९२ टक्के या मिश्रणात आणि ८ टक्के ट्रेझरी बिलात ठेवले की जोखीम ११.५ होते, नेमकी तुमच्या बिंदूइतकी, आणि परतावा येतो १०.३. तुमच्या बिंदूवर तो ९.९ होता. जोखीम तेवढीच, आणि ४० लाखांवर वर्षाला चौदा हजारांच्या आसपास फरक. खरा फायदा मात्र याहून खाली उतरताना दिसतो. तुम्हाला ११.५ सुद्धा जास्त वाटली आणि ८ च हवी असली, तर नुसत्या शेअर-सोन्यातून ती कधीच मिळणार नाही, कारण कमान ११.५ च्या डावीकडे जातच नाही. ट्रेझरी बिल मिसळलं की ती मिळते: साधारण ६४ टक्के मिश्रणात, ३६ टक्के बिलात, परतावा ९ टक्के.

कमान काढायची रीत हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडली. बिनजोखमीचा बिंदू जोडला की एक प्रश्न दोन स्वतंत्र प्रश्नांत फुटतो, हे जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये दाखवलं. पहिला प्रश्न, जोखमीच्या भागात कशाचं किती. दुसरा, जोखमीचा भाग एकूण किती. पहिल्याचं उत्तर भित्र्या माणसाला आणि धाडसी माणसाला एकच असतं. स्वभाव येतो तो फक्त दुसऱ्यात. या रेषेला कॅपिटल मार्केट लाइन म्हणतात, ते काटेकोरपणे पाहिलं तर टेकणारं मिश्रण म्हणजे अख्खा बाजार असेल तेव्हाच. दोनच वस्तू घेऊन काढलेली आपली रेषा तिची घरगुती आवृत्ती आहे, पण तर्क तोच. «सुरक्षित», «मध्यम», «आक्रमक» असे तीन वेगवेगळ्या घटकांचे पोर्टफोलिओ पुढे करणारे एजंट धरमपेठेतही भेटतात आणि मुंबईतही. त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा: तिन्हींतला शेअरांचा भाग वेगवेगळा का? एकच मिश्रण घेऊन सोबतची सुरक्षित ठेव कमीजास्त केली तर काय बिघडतं?

आता पतसंस्थेचे साडेआठ. हा आकडा टाकल्याबरोबर सोनं शून्य झालं, ते का? सोन्याचा अपेक्षित परतावाही साडेआठच आहे. «काही धोका न घेता साडेआठ मिळत असतील तर त्याच साडेआठसाठी सोन्याची १५ टक्क्यांची उलथापालथ कोण सोसेल?» असं शीट म्हणतं, आणि दिलेल्या माहितीवर ते बरोबरच म्हणतं. माहिती चुकीची आहे. बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी या ठेव विमा संस्थेचं संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्था या योजनेत येत नाहीत. ट्रेझरी बिल ६ देतं आणि पतसंस्था साडेआठ, तर मधले अडीच टक्के कोणी प्रेमानं देत नाही, ती जोखमीची किंमत आहे. तुमची पतसंस्था उत्तम चाललेली असेलही. तरी शीटमध्ये तिची जागा रिस्क-फ्रीच्या खान्यात नाही, तिसरी जोखमीची वस्तू म्हणून आहे.

तसं करायला गेलात तर आणखी एक फसगत समोर येईल. पतसंस्थेच्या ठेवीचा रोजचा भाव कुठेच छापून येत नाही. तिचे बारा महिन्यांचे आकडे एक्सेलमध्ये भरलेत तर स्टँडर्ड डिव्हिएशन शून्याच्या जवळ येईल आणि सॉल्व्हर आनंदानं सगळे पैसे तिच्यातच टाकेल. भाव दिसत नाही याचा अर्थ जोखीम नाही असा होत नाही. ती एखाद्या सकाळी एकदमच दिसते, शटरला लावलेल्या नोटिशीवर. ज्या वस्तूचा रोज बाजारभाव निघत नाही, ती या शीटमध्ये घालूच नये असं माझं मत आहे: पतसंस्था, प्लॉट, कुणाला दिलेले उसने पैसे, सगळंच त्यात आलं. इतवारीतून घेतलेले दागिनेही या हिशेबातून वगळा. घडणावळ गेली की त्यांचा परतावा ईटीएफच्या परताव्यासारखा राहत नाही, आणि तसेही तुम्ही ते बाजार पाहून विकणार नाही.

मग पीएफचा दर घालू का, असं तुमच्या मनात आलं असेल. २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के होता आणि तिथला धोका नगण्य. पण शीटमध्ये जो दर घालायचा तो पुढचा रुपया तुम्ही मोकळेपणानं जिथे ठेवू शकता आणि हवा तेव्हा काढू शकता, तिथला. शेतीच्या विक्रीचे ४० लाख तुम्ही उचलून पीएफमध्ये भरू शकत नाही. व्हीपीएफच्या, म्हणजे पीएफमध्ये स्वेच्छेनं जादा भरण्याच्या वाटेनं थोडे वाढवता येतात, तेही पगारातून, आणि ते अडकून पडतात. म्हणून ट्रेझरी बिलच खरं माप. ती ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. व्याज वेगळं मिळत नाही, कमी किमतीत घेऊन मुदतीला पूर्ण रक्कम मिळते. ६ टक्के दरानं १०० रुपयांचं ९१ दिवसांचं बिल साधारण ९८ रुपये ५३ पैशांना पडतं. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टमधून आपल्यासारख्यांना ती थेट घेता येतात, किमान १० हजारांपासून. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत त्यासाठी जावं लागत नाही, खातं ऑनलाइनच उघडतं. हे किचकट वाटलं तर दोन-तीन चांगल्या बँकांत प्रत्येकी ५ लाखांच्या आत राहतील अशा एफडीही चालतील. एक लक्षात ठेवा: हे उत्पन्न तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे आणि शेअरांवरच्या दीर्घकालीन नफ्याचा कर वेगळ्या दरानं लागतो. कर वजा करून आकडे घालायचे तर तिन्हींना वजा करून घाला, एकाला सोडून दुसऱ्याला नको.

आता आकड्यांच्या ठिसूळपणाकडे. शीटमध्ये मागच्या पाच वर्षांचा डेटा दिसतो. पाच वर्षांच्या सरासरीत किती चूक असू शकते ते पाहा: १८ भागिले पाचाचं वर्गमूळ, म्हणजे ८ टक्के. म्हणजे १२ टक्के ही सरासरी प्रत्यक्षात ४ ही असू शकते आणि २० ही, आणि तेवढा फरक अगदी सहज पडतो. ही चूक निम्मी करायची तर वीस वर्षांचा डेटा लागतो. जोखमीचा आकडा त्या मानानं बराच भरवशाचा मिळतो, अपेक्षित परताव्याचा मात्र नाही. आणि सॉल्व्हर नेमका त्याच आकड्यावर सगळ्यांत जास्त नाचतो. सोन्याचा परतावा साडेआठऐवजी ७ धरा, सोन्याचा वाटा साडेसदतीसवरून १९ टक्क्यांवर येतो. १० धरा, तो ४९ होतो. दीड टक्का इकडे किंवा तिकडे, जो कुणालाच माहीत नाही, आणि उत्तर पार पालटतं. गेल्या काही वर्षांत सोन्यानं धाव घेतली, त्या वर्षांची सरासरी जशीच्या तशी पुढे ओढली तर शीट तुम्हाला सराफ करून सोडेल.

हे वाचून शीट फेकून द्यावंसं वाटेल, पण थांबा. ५ : ३ ऐवजी तुम्ही निम्मं-निम्मं केलंत तर शार्प रेशो ०.३७३ वरून ०.३६३ होतो. सत्तर-तीस केलंत तर ०.३७०. फरक नगण्य आहे. कमानीचा माथा सपाट असतो, त्यावर थोडं इकडेतिकडे उभं राहिलं तरी उंची फारशी बदलत नाही. म्हणून मिश्रणाच्या दशांशांवर रात्री जागवू नका. दोन्ही वस्तू भरपूर प्रमाणात असाव्यात आणि एकच वस्तू सगळं गिळणार नाही, एवढं पाहिलं की पहिला प्रश्न संपला. तुम्ही आणि भाच्यानं सगळा वेळ याच प्रश्नावर घालवलात, आणि ज्यावर तुमची झोप अवलंबून आहे तो दुसरा प्रश्न पत्रात आलाच नाही.

तो असा: जोखमीचा भाग एकूण किती? पुस्तकातलं सूत्र सोपं आहे. मिश्रणाचा बिनजोखमीच्या दरावरचा जास्तीचा परतावा घ्या, ४.६९ टक्के म्हणजे ०.०४६९. त्याला मिश्रणाच्या जोखमीच्या वर्गानं भागा, ०.०१५८. उत्तर जवळजवळ ३. त्याला पुन्हा तुमच्या जोखीम टाळण्याच्या आकड्यानं भागायचं. हा आकडा जितका मोठा तितका माणूस सावध. ३ असेल तर सगळे पैसे मिश्रणात. ४ असेल तर पाऊण हिस्सा, ५ ला साठ टक्के, ६ ला निम्मे. आणि २ असेल तर दीडशे टक्के, म्हणजे कर्ज काढून. तुमचे बंधू हे २ वाले.

स्वतःचा आकडा कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून उलट्या बाजूनं यायचं: किती पडझड सोसेन ते आधी ठरवायचं. इथे दोन सावधगिऱ्या. पहिली अशी, की हिशेब ४० लाखांवर करू नका. पीएफमधले २५ लाख हाही तुमचाच बिनजोखमीचा भाग आहे, तेव्हा एकूण ६५ लाख. निम्मे जोखमीत ठेवायचे म्हणजे साडेबत्तीस लाख, आणि ४० लाखांतले फक्त साडेसात बाहेर. जे स्वतःला भित्रे समजतात त्यांना हे धाडसी वाटेल, पण पीएफच्या रूपानं त्यांची सुरक्षित बाजू आधीच भरलेली असते. दुसरी सावधगिरी स्टँडर्ड डिव्हिएशनबद्दल. निम्मे जोखमीत आणि निम्मे सुरक्षित ठेवले तर शीट सांगेल की वाईट वर्षी, म्हणजे सरासरीच्या खाली दोन डिव्हिएशन, ६५ लाखांवर पावणेतीन लाखांच्या आसपास तोटा होईल. या आकड्यावर विसंबू नका. २००८ या एका वर्षात निफ्टी ६१३८ वरून २९५९ वर आला, सुमारे ५२ टक्के. १२ सरासरी आणि १८ डिव्हिएशन धरून घंटेच्या आकाराच्या वक्राला विचारलं, तर असं वर्ष हजारो वर्षांतून एकदा यायला हवं. आपल्या पिढीनं ते डोळ्यांनी पाहिलंय. मोठी पडझड त्या वक्राला वाटते त्याहून कितीतरी वेळा येते.

म्हणून असा प्रश्न स्वतःला विचारा: शेअरांत २० लाख आहेत आणि वर्षाच्या शेवटी स्टेटमेंटवर साडेनऊ लाख छापून आलेत. सोनं आणि बिलं जागच्या जागी आहेत. कंपनीत नोकरकपातीची कुजबुज चालू आहे, कारण अशा वर्षी ती चालू असतेच. तुम्ही विकाल का? «नाही» असं ठामपणे म्हणता येत असेल तर २० लाख शेअर, १२ लाख सोनं, ८ लाख ट्रेझरी बिल, आणि पीएफ आहे तसा. माझा कल असा आहे. उत्तर «बहुतेक विकेन» असं असेल, तर ३२ लाखांचा जोखमीचा भाग २० लाखांवर आणा. आतलं ५ : ३ हे प्रमाण मात्र तसंच ठेवा.

आता बंधूंचा मुद्दा. कागदावर रेषा टेकण्याच्या बिंदूच्या पुढेही सरळ वर जाते, हे खरं. ४० लाखांच्या जोडीला २० लाख कर्ज काढून सगळे ६० लाख मिश्रणात घातले तर ती रेषा १३ टक्के परतावा दाखवते. पण ती रेषा गृहीत धरते की सरकार जितक्या दरानं उसने घेतं तितक्याच दरानं, ६ टक्क्यांनी, तुम्हालाही कर्ज मिळेल. फ्लॅट तारण ठेवून मिळणारं कर्ज समजा साडेनऊनं मिळालं. मग मिश्रणाचे दीडपट १६.०, त्यातून व्याजाचे पावणेपाच गेले, उरले ११.३ टक्के. जोखीम १८.९. आता शीटमधली पहिलीच ओळ पुन्हा पाहा: कर्ज न काढता सगळे ४० लाख नुसत्या शेअरांत घातले तर परतावा १२ आणि जोखीम १८. जास्त परतावा, कमी जोखीम, आणि बँकेचा हप्ता नाही. कर्जाचा दर ठेवीच्या दराहून जास्त असला की रेषा टेकण्याच्या बिंदूपाशी मोडते. त्यापुढे ज्याला जास्त जोखीम हवी त्यानं कमानीवरूनच चालत शेअरांचा वाटा वाढवावा. हे साडेनऊ टक्क्यांचं कर्ज सोन्याच्या अपेक्षित परताव्याहूनही महाग आहे, मग कर्ज काढून सोनं घेण्यात काय हशील? बंधूंना धाडसच करायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या पैशांत शेअर वाढवावेत, तुमच्या फ्लॅटला हात लावायची गरज नाही. आणि १८.९ ही जोखीम फक्त बाजाराची झाली. नोकरी गेली आणि हप्ता थकला तर नेमकं पडलेल्या भावात विकावं लागतं, ते या आलेखावर कुठेच दिसत नाही.

शेवटचं, पुढच्या वर्षांसाठी. वर्षातून एकदा, समजा दसऱ्यानंतर, प्रमाणं पुन्हा जुळवा. उदाहरण घेऊ. शेअर ४० टक्के पडले, २० चे १२ लाख झाले, बाकी सगळं जसंच्या तसं. पीएफ धरून एकूण झाले ५७ लाख. निम्मा जोखमीचा भाग साडेअठ्ठावीस, त्यात शेअर १७.८ आणि सोनं १०.७ हवं. म्हणजे सोन्यातले १.३ लाख आणि बिलातले साडेचार लाख काढून ५.८ लाखांचे शेअर घ्यायचे. हे लिहायला सोपं आहे. त्या दिवशी टीव्हीवर काय चालू असेल त्याची कल्पना करा, म्हणजे करायला किती अवघड ते कळेल. म्हणून हे आकडे आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा.

यात एक अडचण राहते. बिलात मग साडेतीन लाखच उरतात. बाजार पुन्हा तसाच पडला तर भर घालायला ते पुरणार नाहीत, कारण तुमच्या सुरक्षित पैशांचा मोठा हिस्सा पीएफमध्ये कुलपात आहे. हिशेबात तो धरला, पण ऐन वेळी हाताशी येत नाही. हे खटकत असेल तर सुरुवातच ३२ ऐवजी २८ लाखांनी करा: साडेसतरा लाख शेअर, साडेदहा लाख सोनं, आणि बारा लाखांची ट्रेझरी बिलं. ती सगळी एकाच मुदतीची घेऊ नका. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांत वाटून घेतलीत तर कधीही तीन महिन्यांच्या आत काहीतरी हातात मोकळं येत राहील.